‘५-३-५’ म्हणजे किती मिलिमीटर? मेस्ताच्या चित्रावरून कटिंग लिस्ट काढताना या चुका टाळा

चवथ जवळ आली की फोंड्यातल्या आमच्या कारखान्यात फर्निचरची चित्रं येऊ लागतात. कुणी कॅलेंडरच्या पाठीवर काढलेलं असतं, कुणी प्लायच्या तुकड्यावर. मेस्त मापं घेतो फूट, इंच आणि सुतात, आणि आमच्या पॅनल सॉ करवतीवरचा मुलगा कापतो मिलिमीटरमध्ये. मधली यादी मी करतो. लाकूड वाया जातं ते बहुतेक वेळा करवतीवर नव्हे, या मधल्या कागदावर, आणि म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

उदाहरण डिचोलीच्या एका घरातलं घेतो. दोन चिऱ्याच्या खांबांमध्ये बैठं कपाट हवं होतं, गणपती त्यावर बसणार आणि वर माटोळी. मेस्तांनी पाठवलेल्या चित्रात वर लांबी लिहिली होती ‘५-३-५’, बाजूला उंची ‘२-६’, खोली ‘१-४½’. आत तीन कप्पे: ‘१९.७’, ‘२०.७’, ‘१९.७’. खाली पायपट्टी ‘३-४’. सगळं पाऊण इंची प्लायमध्ये.

टिंबाला दशांश समजणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. मेस्त ‘१९.७’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात एकोणीस इंच सात सूत असतं, म्हणजे १९⅞ इंच, म्हणजे ५०४.८ मिमी. कॅल्क्युलेटरवर १९.७ गुणिले २५.४ केलं तर येतात ५००.४. साडेचार मिलिमीटरचा फरक. ‘२०.१’ला हाच फरक जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असतो. कधी जवळजवळ शून्य, कधी साडेचार, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही. फुटाचा घोळ झाला तर कुणीही ओरडेल. चार मिलिमीटर मात्र थेट जोडणीच्या दिवशी कळतात, खण आत जात नाही तेव्हा.

ओळखायचं कसं? चित्रातल्या सगळ्या मापांचे टिंबानंतरचे आकडे पाहा. दशांश असते तर कुठे तरी आठ किंवा नऊ सापडला असता. सुतात शून्य ते सात एवढेच आकडे येतात. पण माप चार-पाचच असतील तर एवढ्यावर विसंबू नका, बेरीज करा.

या कपाटाची बेरीज अशी: कप्पे १९, २० आणि १९ मिळून ५८ इंच, सुतं सात, सात, सात मिळून २१, म्हणजे दोन इंच पाच सूत. एकूण ६० इंच ५ सूत. उभ्या फळ्या चार, प्रत्येकी सहा सूत, म्हणजे तीन इंच. झाले ६३ इंच ५ सूत. पाच फूट तीन इंच पाच सूत, अगदी चित्रावर वर लिहिलंय तेच. हेच दशांश धरून केलं तर ६०.१ अधिक ३, म्हणजे ६३.१ येतं आणि वरच्या ६३.५ शी जुळत नाही. म्हणजे टिंबानंतर सूतच आहे.

इथे एक खाच आहे. कप्पे ‘२०.१’, ‘२०.३’, ‘२०.१’ असते तर सूत धरूनही ६०-५ आणि दशांश धरूनही ६०.५ आलं असतं. सुतांची बेरीज आठाच्या आतच राहिली की दोन्ही वाचनं जुळतात आणि ताळा काहीच सांगत नाही. तेव्हा फोन करायचा. मी यावेळीही केला. “मेस्त, एकोणीस सात म्हणजे नेमकं किती?” ते म्हणाले, “विसाला एक सूत कमी.” असं उत्तर मला हवं असतं. तोच आकडा तसाच परत म्हणून दाखवला तर काही सिद्ध होत नाही. टेपवरची जागा दुसऱ्या शब्दांत सांगितली की शंका उरत नाही.

दोन आकड्यांमधली रेघ

‘२-६’ म्हणजे दोन फूट सहा इंच, पण त्याच चित्रातलं ‘३-४’ म्हणजे तीन इंच चार सूत. मेस्ताला यात काही गोंधळ वाटत नाही, कारण तो चित्रात पायपट्टी बघतो आहे. चित्र बाजूला ठेवून नुसते आकडे उतरवणाऱ्याला ती साडेतीन इंचांची पट्टी (८८.९ मिमी) की तीन फूट चार इंचांची (१०१६ मिमी), ते कळणार नाही. म्हणून आकडा उतरवतानाच तीन वेगळ्या रकान्यांत घालायचा: फूट, इंच, सूत. कुठलाही रकाना मोकळा सोडायचा नाही, नसेल तिथे शून्य.

‘२-६’ ला २.६ फूट धरणारेही भेटतात. दोन फूट सहा इंच म्हणजे अडीच फूट, ७६२ मिमी. २.६ फूट म्हणजे ७९२. तीस मिलिमीटरने कपाट उंच.

ह्या पायपट्टीत आणखी एक गंमत होती. मेस्तांचा चार मराठी होता, आणि फोटोत तो इंग्रजी आठसारखा दिसत होता. आपल्याकडे एकाच कागदावर मराठी-इंग्रजी आकडे मिसळलेले असतात. मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, हेही रोजचंच. सुताच्या जागी मात्र उत्तर सोपं आहे. तिथे आठ असूच शकत नाही, आठ सूत झाले की इंच होतो. म्हणजे तो चार. नऊ दिसला तर तो एक. इंचाच्या जागी अशी सोय नाही, तिथे बेरजेचा ताळाच कामाला येतो.

अपूर्णांकाचं तसंच. ‘१ १/२’ घाईत जवळ लिहिलं की ‘११/२’ दिसतं. अशा ठिकाणी मी सरळ सुतात लिहून घेतो, एक इंच चार सूत.

शीटमध्ये ‘२-६’ टाइप करणं

स्प्रेडशीटमध्ये 2-6 किंवा 3/4 टाइप केलं की ती त्याची तारीख करून टाकते. नंतर तो रकाना गुणला की पंचेचाळीस हजारांच्या पुढचे आकडे येतात, ते निदान लगेच दिसतात. तीन रकाने केले असतील तर हा प्रश्नच येत नाही. A मध्ये फूट, B मध्ये इंच, C मध्ये सूत, आणि D मध्ये:

```
=(A2*12+B2+C2/8)*25.4
```

अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग आला तर C मध्ये 0.5 मिळवायचे. इंचाला २५.४ मिमी हा आकडा नेमका आहे, त्यात सूट नको. ‘एक इंच पंचवीस’ धरणाऱ्याचं हे कपाट २५ मिमी आखूड येईल. शाळेची फूटपट्टी ३० सेंटिमीटरची असते म्हणून ‘फूट म्हणजे तीनशे’ ही सवयही अनेकांना आहे. खरा फूट ३०४.८ चा, पाच फुटांत २४ मिमी गेले. आकडा पूर्ण करायचा तो अगदी शेवटी, एकदाच.

पाऊण इंच म्हणजे १९ धरणं

आतापर्यंत सगळं बरोबर केलं तरी इथे यादी फसते, आणि हिशेब बरोबर असूनही माल चुकतो म्हणून माणूस जास्त चिडतो. दुकानात ‘पाऊण इंची’ म्हणून मिळणारा प्लाय बहुधा १८ मिमीचा असतो. खरा पाऊण इंच १९.०५ चा. मेस्ताच्या चित्रातली बेरीज सहा सूत जाडीवर बसवलेली आहे. कापायचा माल तेवढा जाड नाही.

म्हणून प्रत्येक माप वेगवेगळं मिमीत बदलायचं नाही. फक्त बाहेरची तीन मापं आणि पायपट्टी बदलायची, बाकीचे तुकडे त्यांतून मोजलेली जाडी वजा करून काढायचे. जाडी एका तुकड्यावर न मोजता दहा तुकडे एकावर एक ठेवून मोजा आणि दहाने भागा. आमच्या मालाला बरोबर १८ भरली. घरवाल्यांना रंग द्यायचा होता, सनमायका नव्हती. दोन्ही बाजूंनी एक मिमीची सनमायका आधी चिकटवून कापणार असाल तर तोच प्लाय २० धरावा लागतो.

लांबी १६१६.०७५, म्हणून १६१६. उंची ७६२, खोली ४१९.१ म्हणजे ४१९, पायपट्टी ८९. वरची फळी बाजूंवर बसते, तेव्हा ती १६१६ × ४१९. बाजू ७६२ वजा १८, म्हणजे ७४४ × ४१९, दोन. तळाची फळी बाजूंच्या मध्ये: १६१६ वजा ३६, १५८०. चित्रातले इंच थेट बदलले असते तर ६२ इंच १ सूत, म्हणजे १५७८ आली असती, आणि वरची फळी सांगाड्यापेक्षा दोन मिमी लांब राहिली असती. पायपट्टीही तेवढीच, १५८० × ८९. मधल्या उभ्या फळ्या ७४४ वजा ८९ वजा १८, म्हणजे ६३७. इंचांवरून त्या पंचवीस इंच, ६३५ येतात. वरच्या फळीखाली दोन मिमीची फट, आणि गणपतीचा भार नेमका त्या फटीवर.

कप्प्यांसाठी आत उरले १६१६ वजा ७२, म्हणजे १५४४. चित्राप्रमाणे १५४० हवे होते. हे चार मिमी कुठे द्यायचे ते मेस्ताला विचारून ठरवायचं, कारण दारं, खण काय कुठे येणार ते त्यालाच माहीत. आम्ही बाजूचे कप्पे ५०५ चे ठेवले आणि मधला उघडा कप्पा ५३४ चा केला. बाजूंचे सुटे खण दोन मिमी ढिले, ५०३.

मूळ आकडा पुसून टाकणं

यादीत शेवटी मिमीचाच रकाना करवतीवर जातो, पण ‘५-३-५’ जसं लिहिलं होतं तसं मी शेजारी ठेवतो, आणि त्यापुढे ते बाहेरचं माप की आतलं, हेही. यादी मेस्ताला पाठवली तेव्हा ते दोनच गोष्टी बोलले. पाच-तीन-पाच हे खांबांमधलं अंतर नाही, कपाटाचं माप आहे. चिऱ्याचे खांब सरळ नाहीत म्हणून खाली, मध्ये आणि वर मोजून सर्वांत कमी अंतरातून त्यांनी तीन सूत आधीच सोडले होते. आणि पाठीचा पाव इंची प्लाय मागून ठोकायचा, तो खोलीत धरलेला नाही. दुसरी गोष्ट मी विचारलीच नव्हती. तिच्यासाठी आता यादीत वेगळी ओळ असते.