व्हेक्टरचं उत्तर जुळत नाही? आधी चरण बघा

बेरजेचे घटक बरोबर येतात आणि तरी कोन चुकतो. कारण कॅल्क्युलेटरचं `tan⁻¹` फक्त −90° ते 90° मधलंच उत्तर देतं. आपण त्याला y/x देतो, त्यातलं वजा चिन्ह वरच्या आकड्याचं होतं की खालच्या, हे त्याला कळतच नाही.

समजा `A = (−3, 4)` आणि `B = (−1, −1)`. बेरीज `R = (−4, 3)`.

1. कच्ची आकृती काढा. x वजा, y अधिक, म्हणजे R दुसऱ्या चरणात. कॅल्क्युलेटर −36.87° दाखवतो, तो चौथा चरण. x वजा असेल तर 180° मिळवायचे: 143.13°. हाच खरा कोन.

2. आता डॉट प्रॉडक्ट: `(−3)(−1) + (4)(−1) = −1`. उत्तर ऋण, म्हणजे A आणि B मधला कोन 90° पेक्षा मोठाच हवा. `cos θ = −1/(5√2)`, θ = 98.13°. ताळा म्हणून दिशा वजा करून बघा: B 225° वर, A 126.87° वर, फरक तोच. (फरक 180° च्या वर गेला, तर तो 360° मधून वजा करायचा.)

3. माझा सगळ्यात भरवशाचा ताळा: `R² = A² + B² + 2A·B`. इथे 25 + 2 − 2 = 25, आणि (−4, 3) ची लांबीही 5. बेरीज आणि डॉट प्रॉडक्ट दोन्ही एका झटक्यात तपासून होतात.

मात्र प्रश्नातून घटक उतरवतानाच चिन्ह चुकलं असेल, तर हे सगळे ताळे निमूट जुळतात. म्हणून आकृती प्रश्न वाचूनच काढा, लिहिलेल्या घटकांवरून नको.