स्पीकरवरून मोबाइल चार्ज करावा का? बॅटरीचा हिशोब असा मांडा

निफाड-दिंडोरीकडे शेतीची लाइट रात्रीची असली की द्राक्षबागेला पाणी द्यायला रात्रभर मोटारीजवळ थांबावं लागतं. सोबतीला ब्लूटूथ स्पीकर असतो. त्यात मेमरी कार्ड लागतं, रेडिओ लागतो आणि 'पॉवर बँक'सुद्धा आहे म्हणून तो घेतलेला असतो. मग पहाटे दोन वाजताच स्पीकर बंद का पडतो? बहुतेक वेळा त्याचं कारण रेडिओ किंवा कार्ड नसतं. स्पीकरला लावलेला मोबाइल असतो.

आधी स्पीकरची बॅटरी किती आहे ते खोक्यावर किंवा तळाच्या लेबलवर पाहा. समजा 3600 एमएएच लिहिलंय. हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणून दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागा. साधारण 13.3 वॉट-तास येतात. एवढाच सगळा साठा. कंपनीने 10 तास वाजेल असं सांगितलं असेल, तर ताशी सुमारे 1.3 वॉट-तास खर्च झाला. हे दहा तास बहुधा निम्म्या आवाजाचे असतात. आवाज पूर्ण वाढवला तर ते निम्म्याहूनही कमी होऊ शकतात. म्हणून घरी एकदा स्पीकर पूर्ण चार्ज करा, शेतात ठेवता तेवढाच आवाज ठेवून बंद पडेपर्यंत वाजवा आणि लागलेले तास लिहून ठेवा. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हा तुमचा आकडा खरा.

आता मोबाइलचं बघू. 5000 एमएएचच्या मोबाइलमध्ये साधारण 19 वॉट-तास मावतात, म्हणजे स्पीकरच्या साठ्यापेक्षा जास्त. त्यातले 20 टक्के भरायचे तर जवळपास 4 वॉट-तास लागतात. पण 3.7 व्होल्टचे 5 व्होल्ट करताना स्पीकरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, मोबाइलमध्ये शिरतानाही थोडी जाते. पाव हिस्सा वाया गेला असं धरलं, तर स्पीकरमधून 5 वॉट-तासांच्या वर जातात. याचा अर्थ मोबाइल 20 टक्के वाढला आणि गाण्यांचे जवळपास चार तास गेले. ढोबळमानाने या स्पीकरवर मोबाइलचे दहा टक्के म्हणजे गाण्यांचे दोन तास.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे. स्पीकरची पॉवर बँक अडचणीच्या फोनपुरती राखून ठेवा. चार्ज करावाच लागला तर मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, हवे तेवढे टक्के झाले की वायर लगेच काढा. चार्जिंग चालू असताना आवाज कमी ठेवा. ढोलकीच्या ठेक्याला स्पीकर खरखरला किंवा मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर समजा की बॅटरीला दोन्ही भार झेपत नाहीत. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत हे लवकर होतं, कारण गार पडलेली बॅटरी कमी वीज देते.

विकत घेतानाही एक गोष्ट तपासा. पेनड्राइव्ह लागतो ते यूएसबी भोक म्हणजे पॉवर बँक नव्हे. लेबलवर 'आउटपुट' आणि त्यापुढे 5 व्होल्ट, 1 अँपिअर असं काही लिहिलेलं हवं. दोन्हीकडे टाइप-सी असलेली वायर लावल्यावर मोबाइलच्या पडद्यावर चार्जिंगची खूण येते का, तेही बघा. काही वेळा उलटं होतं आणि मोबाइलच स्पीकरला वीज देत बसतो.

मेमरी कार्डाचा खर्च मात्र नगण्य. उलट गाणी कार्डावर असली की मोबाइलचं ब्लूटूथ आणि नेट दोन्ही बंद ठेवता येतं, म्हणजे मोबाइल चार्ज करायची वेळच उशिरा येते. रात्रभर थांबायचं असेल तर कार्ड हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. 32 जीबीपर्यंतचं कार्ड फॅट32 मध्ये फॉरमॅट केलं की बहुतेक स्पीकर ते वाचतात.

रेडिओही कार्डासारखाच कमी खातो, पण त्याच्या दोन खोडी आहेत. मोबाइल चार्जिंगला लावला की 5 व्होल्ट बनवणारं सर्किट रेडिओत खरखर आणू शकतं. आकाशवाणी नाशिक 101.4 वर स्वच्छ लागत होतं आणि वायर लावताच बिघडलं, तर वायर काढून पाहा. दुसरी खोडी अशी की ब्लूटूथवर गाणं थांबलं की बरेच स्पीकर काही मिनिटांनी आपोआप बंद होतात, रेडिओवर तसं होत नाही. स्टेशन सुटलं तरी नुसती खरखर वाजत राहते, आणि तीही गाण्याइतकीच बॅटरी खाते. झोप लागण्याआधी रेडिओ बटणानेच बंद करा.