अंकल-आंटीचं मराठी करताना: काका-काकू कुठे, मामा-मावशी कुठे

अमळनेरला घरी आईला मी अनुवादाचं पान वाचून दाखवत होते. कॉलेजसाठी जळगावला आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीची ती छोटी इंग्रजी कथा. खोली भाड्याने देणाऱ्या नवरा-बायकोला ती मुलगी 'अंकल' आणि 'आंटी' म्हणते. मी त्यांना 'मामा' आणि 'मावशी' केलं होतं, कारण 'काका-काकू' मला फार शहरी वाटत होतं. आईने भाकरी थापता थापता मान वर केली आणि विचारलं, "मंग त्या भाऊ-बहीन शेतस का?"

चूक तिथेच कळली. मामा म्हणजे आईचा भाऊ आणि मावशी म्हणजे आईची बहीण. एका घरात राहणाऱ्या दोघांना मामा-मावशी म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात ते सख्खे भाऊ-बहीण होतात. इंग्रजीतल्या 'अंकल-आंटी'त नातं कुठल्या बाजूचं हे कळतच नाही, म्हणून ती जोडी कोणत्याही दांपत्याला चालते. मराठीत जोडी पक्की असते: काका-काकू, मामा-मामी. मावशीच्या नवऱ्याला आपण बहुतेक घरांत काकाच म्हणतो, त्यामुळे 'मावशी आणि काका' हेही दांपत्य म्हणून चालतं. अनुवादात नवरा-बायको आले की आधी हे तपासा, मग पुढचं.

नवख्यांनी माझ्यासारखी दुसरी चूकही टाळावी. त्याआधीच्या पहिल्या खर्ड्यात मी सरळ सगळीकडे 'अंकल'ला काका आणि 'आंटी'ला काकू घातलं होतं. कथेच्या सुरुवातीच्या भागात तीन अंकल आणि दोन आंटी होत्या: स्टेशनवरचा रिक्षावाला, घरमालक, ओट्यावर पेपर वाचणारे शेजारचे म्हातारे, आणि घरमालकीण, बाजारातली भाजीवाली. पाचही जण एका साच्यातून काढल्यासारखे दिसायला लागले. रिक्षावाल्याला 'काका' म्हणणं आज कानाला चुकीचं वाटत नाही, पण घरमालकही काका, म्हातारेही काका, मग वाचक गोंधळतो की आता बोलतंय कोण.

तेव्हापासून मी कामाची पद्धत ठरवली. अनुवाद सुरू करण्याआधी मजकुरातला प्रत्येक अंकल आणि प्रत्येक आंटी वहीत उतरवते. समोर लिहिते: बोलणारी व्यक्ती किती वर्षांची, समोरची किती वर्षांची, ती काय काम करते, तिच्यासोबत जोडीदार आहे का, आणि ही हाक आहे की नुसता उल्लेख. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण इंग्रजीत 'बसमध्ये एक अंकल भेटले' असं म्हणतात तेव्हा तिथे नातं जोडलेलं नसतं, वय सांगितलेलं असतं. अशा जागी मी 'एक गृहस्थ', 'एक बाई', 'एक म्हातारे बाबा' असं लिहिते. 'एक काका भेटले' हेही आता बोलण्यात आहे, पण ते मुलांच्या आणि तरुणांच्या तोंडी शोभतं. निवेदकाच्या तोंडी मी ते टाळते.

वहीतल्या नोंदींवरून कथेचं असं ठरलं. घरमालक-मालकीण: काका-काकू. रिक्षावाला चाळिशीचा, मुलगी सतराची: 'मामा'. तो तिशीतला असता तर 'दादा' किंवा 'भाऊ' केलं असतं. पेपर वाचणारे म्हातारे: 'आबा'. खान्देशात वयस्क माणसाला आबा, आप्पा, नाना अशी हाक सहज मारली जाते, आणि ती लिहिली की गाव आपोआप उभं राहतं. 'जिभाऊ'ही फार गोड शब्द आहे, पण तो मी इथे घातला नाही. त्या हाकेत आपुलकीचा मान आहे, आणि त्या मुलीची म्हाताऱ्यांशी ओळख नुकतीच झाली होती.

एक शब्द मात्र अनोळखी माणसाला लावू नये: आत्या. अहिराणीत तिला फुई म्हणतात, फुईचा नवरा फुवा. आत्या ही आपल्याच घराण्याची लेक, बारशाला नाव ठेवणारी. रस्त्यावरच्या कोणाही बाईला आपण 'आत्या' अशी हाक मारत नाही, 'मावशी' मारतो. इंग्रजीत दोघीही 'आंटी'च, म्हणून कोश उघडून पाहणारा नवखा आत्या निवडू शकतो. वाक्य व्याकरणाने बरोबर असतं आणि तरीही असं कोणी बोलत नाही.

राहिली भाजीवाली. तिच्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मूळ वाक्याचा आशय 'आंटी, ही वांगी केवढ्याला?' असा होता. मी लिहिलं, "मावशी, भरताची वांगी कशी दिली?" हे वाक्य जळगावच्या बाजारात रोज ऐकू येतं, आणि त्यात 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्नच उठत नाही. पुढच्या वाक्यात मात्र सुटका नव्हती. 'अर्धा किलो दे' की 'अर्धा किलो द्या'? मावशीला दोन्ही म्हणतात. 'काकू' या हाकेबरोबर परक्या बाईला 'दे' म्हणता येत नाही, मावशीला म्हणता येतं, आणि त्यात जवळीकही असू शकते. कथेतली मुलगी नवीन शहरात आली होती, बुजलेली होती, म्हणून मी 'द्या' ठेवलं.

पण खरी अडचण निवेदनात निघाली. छपाईआधी पानं पुन्हा वाचताना दिसलं की मी सगळीकडे 'काकू म्हणाल्या', 'काकूंनी चहा दिला' असं लिहिलं होतं आणि भाजीवालीला 'मावशी म्हणाली', 'मावशीने वजन केलं'. इंग्रजीत दोघी एकाच शब्दाने आलेल्या, लेखकाने त्यांच्यात काहीही फरक केलेला नव्हता. फरक माझ्या प्रत्ययांनी केला. घर असलेलीला आदरार्थी अनेकवचन, हातगाडीवालीला एकवचन. आपल्या बोलण्यातच हे मुरलेलं आहे: मध्यमवर्गीय शेजारीण काकू, भाजीवाली, मोलकरीण, दवाखान्यातली आया मावशी. हाक बदलता येत नाही, कारण ती मुलगी तशीच हाक मारेल. पण निवेदन माझं होतं, तिथे मी 'मावशी म्हणाल्या', 'मावशींनी वजन केलं' असं केलं. 'मावशीला' आणि 'मावशींना' यांतल्या फरकाकडे नवख्यांनी डोळे लावून बघावं. तो बघायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक पात्राचं नाव शोधून त्याला लागलेले प्रत्यय आणि क्रियापदं एका रांगेत काढणं. एकाच पात्राला कुठे 'नी' आणि कुठे 'ने' लागलंय ते लगेच दिसतं.

तरुण बायकांचं वेगळं सांगते. कथेत पुढे पस्तिशीची शिक्षिका येते आणि मुलगी तिला चुकून 'आंटी' म्हणते, शिक्षिकेला ते खटकतं. इथे 'मावशी' घातलं तर खटकणं समजणारच नाही, कारण मावशीत वयाचा टोमणा नाही. 'काकू' घातलं आणि शिक्षिकेने "काकू काय गं, ताई म्हण" असं म्हटलं की सगळं जागेवर येतं. 'वहिनी' इथे चालत नाही, कारण वहिनी म्हटलं की तिच्या नवऱ्याची आपल्याला ओळख आहे असं गृहीत धरलं जातं.

पानं पूर्ण झाल्यावर मी ती पुन्हा आईला वाचून दाखवली. ती भाजीवालीपाशी थांबली. बाजारात मी अशा बाईला 'माय' म्हणते, असं म्हणाली. मी तिला सांगितलं की तू साठीची, ती मुलगी सतराची, म्हणून तिच्या तोंडी मावशीच राहील. आई जरा विचार करून 'बरोबर शे' म्हणाली आणि पुढचं पान वाच म्हणाली.