बर्निना मार्गाभोवती सुटी आखताना: रेल्वेप्रवासाच्या तयारीची यादी

निसर्गरम्य रेल्वेप्रवास हाच सुटीचा गाभा ठरवायचा असेल, तर तिकिटापासून नव्हे, मार्गाच्या स्वभावापासून सुरुवात करावी. काही मार्ग समुद्राच्या किंवा सरोवराच्या कडेने तासन्‌तास एकाच संथ लयीत जातात, काही विस्तीर्ण पठार ओलांडतात आणि काही थोड्याच अंतरात एका हवामानातून दुसऱ्या हवामानात उतरतात. पहिल्या दोन प्रकारांत खिडकीशी बसून राहण्यातच सुख असते; तिसऱ्या प्रकारात मात्र गाडीतून उतरल्याशिवाय मार्ग पुरता कळत नाही. मार्ग निवडताना त्याचा किती भाग बोगद्यांत जातो हेही पाहावे, कारण सुंदर म्हणून गाजलेल्या मार्गावरही ऐन डोंगराळ टप्पा अंधारात गेलेला असू शकतो. नॉर्वेतील फ्लोम मार्ग अवघा 20 किलोमीटरचा आहे आणि त्यावर 20 बोगदे आहेत. तो पाहण्यासारखा आहेच, पण दृश्य तुकड्यातुकड्यांनी दिसणार याची तयारी मनाशी असलेली बरी.

या यादीसाठी उतरणाऱ्या मार्गांपैकी बर्निना मार्ग घेतला आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झपासून इटलीच्या हद्दीतील तिरानोपर्यंत जाणारा हा मीटर गेज मार्ग 1910 साली पूर्ण झाला आणि 2008 पासून तो, उत्तरेकडच्या आल्बुला मार्गासह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याची लांबी जेमतेम 61 किलोमीटर आहे, पण त्यावरील सर्वांत उंच स्थानक ओस्पित्सिओ बर्निना 2,253 मीटरवर, तर तिरानो 429 मीटरवर आहे. म्हणजे शिखरानंतर गाडी अठराशे मीटरहून अधिक खाली उतरते, आणि तेही दातेरी रुळांच्या आधाराविना, काही ठिकाणी किलोमीटरमागे 70 मीटर इतक्या उतारावरून. एवढा उतार साध्या रुळांवर सांभाळायचा तर मार्गाला वळणे घेत लांबावे लागते. त्यामुळे एकच दरी खिडकीतून पुन्हा पुन्हा, दर वेळी थोड्या खालून दिसत राहते.

यानंतरचा निर्णय गाडीचा, आणि माझ्या मते संपूर्ण सुटीचे रूप यावरच ठरते. याच रुळांवरून दोन प्रकारच्या गाड्या धावतात. बर्निना एक्स्प्रेसचे डबे छताकडे वळलेल्या मोठ्या काचांचे असतात, त्यांत जागा आधी राखून ठेवणे बंधनकारक असते आणि तिकिटाखेरीज त्या आरक्षणाचे शुल्क वेगळे द्यावे लागते. स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपर्यंत चालतो, पण हे शुल्क त्यात धरलेले नसते. दुसरी साधी प्रादेशिक गाडी. ती दिवसभर साधारण दर तासाला सुटते, लहान स्थानकांवरही थांबते आणि तिला आरक्षण लागत नाही. ज्यांना चालण्याचा त्रास आहे, ज्यांच्याकडे एकच दिवस आहे किंवा गर्दीच्या दिवसांत ज्यांना जागेची खात्री हवी आहे, त्यांनी एक्स्प्रेस जरूर घ्यावी. बाकीच्यांनी साधी गाडीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. एक्स्प्रेसच्या काचा उघडत नाहीत आणि छायाचित्रांत समोरच्या प्रवाशाच्या पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब हिमनदीवर उमटते. साध्या गाडीत अनेकदा काही खिडक्या खाली घेता येतात, आणि उन्हाळ्यात ठरावीक गाड्यांना बिनछताचे पिवळे डबेही जोडलेले असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तासाच्या अंतराने गाडी असल्यामुळे हवे तिथे उतरून पुढची गाडी पकडता येते.

ऋतू ठरवताना केवळ हवामान न पाहता त्या काळात मार्गावर नेमके काय दिसते हे पाहावे. गाड्या बारा महिने चालतात. हिवाळ्यात शिखराजवळचे लागो बिआन्को सरोवर गोठून भोवतालच्या बर्फात विरून जाते. दृश्य भव्य असते, पण दिवस लहान असल्याने दुपारी उशिरा निघालेल्या प्रवाशाचा उत्तरार्ध अंधारात जातो आणि वरच्या बहुतेक पायवाटा बंद असतात. मे महिना मला या मार्गासाठी सर्वांत कमी सोयीचा वाटतो: वर बर्फ अर्धवट वितळलेला असतो, वाटा चिखलाच्या असतात, आणि वीजनिर्मितीसाठी हिवाळाभर पाणी वापरल्यामुळे सरोवराची पातळी खाली जाऊन काठांचा उघडा दगड दिसत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सर्व वाटा खुल्या असतात, पण गर्दीही तेव्हाच असते. निवड माझ्यावर सोपवली, तर मी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ घेईन. लार्च हा सूचिपर्णी असूनही पाने गाळणारा वृक्ष आहे. या दिवसांत त्याच्या मऊ सुया आधी फिकट पिवळ्या आणि मग तांबूस सोनेरी होतात. पाँत्रेसिना ते मोर्तेराच हा टप्पा तेव्हा अशा झाडांमधून जातो आणि वरच्या शिखरांवर नवे बर्फ पडलेले असण्याची शक्यता असते. मात्र याच सुमारास काही रज्जुमार्ग आणि डोंगरातील विश्रामगृहे हंगामाअखेर बंद होऊ लागतात, म्हणून ज्या ठिकाणी मुक्काम किंवा जेवण ठरवले आहे त्यांच्या बंद होण्याच्या तारखा आरक्षणाआधी तपासाव्यात.

दिशा आणि दिवसाची वेळ या दोन गोष्टी एकत्रच ठरवाव्यात. पालू शिखर आणि त्याची हिमनदी रुळांच्या पश्चिमेला आहे. सकाळी पूर्वेकडचे ऊन थेट तिच्यावर पडते आणि बर्फातील भेगांच्या निळसर रेषा स्पष्ट दिसतात. दुपार कलली की सूर्य हिमनदीच्या मागे जातो आणि तीच भिंत करडी, सपाट दिसू लागते. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे सेंट मॉरिट्झ किंवा पाँत्रेसिनाहून तिरानोकडे, सकाळीच निघावे. या दिशेने जाताना उजवीकडची जागा धरावी, कारण मोर्तेराचची हिमनदी, लागो बिआन्को आणि पालू ही तिन्ही त्याच बाजूला येतात. ले प्रेसे स्थानकापासून मात्र रूळ पोस्कियावो सरोवराच्या पश्चिम काठाने जातात, त्यामुळे मिरालागोपर्यंत डावी बाजू चांगली. त्यानंतर ब्रुसिओच्या गोलाकार पुलासाठी पुन्हा उजवीकडे यावे. गाडीत गर्दी नसेल तर ही अदलाबदल सहज जमते.

आता थांबे. दर तासाला गाडी आहे असे धरून प्रत्येक थांब्याला एक किंवा दोन गाड्यांइतका वेळ द्यावा आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त थांबे ठेवू नयेत, नाहीतर सारा दिवस घड्याळाकडे पाहण्यात जातो. पाँत्रेसिनात मुक्काम करून सकाळी निघालेल्या प्रवाशाचा पहिला दिवस असा आखता येईल. पहिला थांबा मोर्तेराच. येथून हिमनदीकडे जाणाऱ्या सोप्या वाटेवर, पूर्वी कोणत्या साली बर्फ कुठवर होते हे सांगणारे फलक लावलेले आहेत. एका फलकापासून दुसऱ्यापर्यंत चालताना हिमनदी किती मागे सरली हे पायांनीच मोजले जाते. जाऊन येऊन दोन गाड्यांचा वेळ लागतो. दुसरा थांबा ओस्पित्सिओ बर्निना. येथे दोन सरोवरे जवळजवळ आहेत: काळसर पाण्याच्या लहान लेय नाइरचे पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला मिळते, तर लागो बिआन्कोचे पाणी पो नदीमार्गे एड्रियाटिकला. दुसऱ्याचा दुधाळ रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या बारीक पिठामुळे येतो. येथून पुन्हा गाडीत न बसता सरोवराच्या कडेने पुढच्या आल्प ग्र्यूम स्थानकापर्यंत चालत जावे. वाट बरीचशी सपाट किंवा उतरती आहे आणि सव्वा तासाच्या आसपास लागतो.

आल्प ग्र्यूम हा त्या दिवसाचा तिसरा आणि सर्वांत मोठा थांबा असावा. 2,091 मीटरवरील या स्थानकाला मोटाररस्ता नाही. रेल्वेने किंवा पायीच पोहोचता येते, आणि म्हणून गाडी निघून गेली की पुढची येईपर्यंत येथे खरी शांतता असते. स्थानकाच्या कठड्यापाशी उभे राहिले की एका बाजूला पालूची हिमनदी आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली पोस्कियावोची दरी एकाच वेळी दिसते, आणि आपण ज्या गाडीतून उतरलो नाही ती वळणावळणाने खाली जाताना बराच वेळ नजरेत राहते. संध्याकाळी गाडीने पोस्कियावोला उतरून तेथेच मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी ले प्रेसे ते मिरालागो हे अंतर सरोवराकाठाने चालावे आणि पुढे ब्रुसिओला उतरावे. तेथील नऊ कमानींचा पूल स्वतःभोवती पूर्ण वर्तुळ घेतो, आणि उतरणारी गाडी त्याच्याच एका कमानीखालून बाहेर पडते. गाडीत बसून हे वर्तुळ काही क्षणांत संपते. शेजारच्या कुरणाच्या कडेला उभे राहून एखादी गाडी येऊ दिली, तर उंची कमी करण्यासाठी केलेली ती रचना नीट समजते.

कपड्यांचा हिशेब उंचीवरून करावा. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा ठोकताळा धरला तर ओस्पित्सिओ आणि तिरानो यांच्यात एकाच दुपारी अकरा-बारा अंशांचा फरक पडतो, आणि वर वारा असतो तो वेगळाच. सहज काढता-घालता येतील असे दोन थर, वारारोधक जाकीट आणि चालण्यायोग्य बूट पुरेसे आहेत. काचेतून छायाचित्रे काढायची असतील तर वरचा थर गडद रंगाचा घ्यावा. सामान एका पाठपिशवीत मावेल इतकेच ठेवावे, कारण थांब्यांवर चाकांची मोठी बॅग ओढत फिरण्याने सगळी आखणी कोलमडते.

शेवटची तपासणी निघण्याच्या आदल्या आठवड्यात करावी. वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यास बदलते, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील वेळांवर विसंबू नये; रुळांच्या दुरुस्तीसाठी एखाद्या टप्प्यावर गाडीऐवजी बस ठेवली आहे का, हेही पाहावे, कारण तसे असेल तर त्या दिवशीचा नेमका तोच टप्पा हुकतो. काही लहान स्थानकांवर गाडी मागणीनुसारच थांबते. उतरायचे असेल तर डब्यातील आणि चढायचे असेल तर फलाटावरील बटण वेळेवर दाबावे लागते. तिरानो इटलीत असल्याने पारपत्र सोबत असावे, शेंगेन व्हिसा लागत असेल तर त्याची मुदत परतीच्या दिवसापर्यंत पुरते ना हे पाहावे, आणि तिरानोहून परतणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून जाकिटाच्या खिशात ठेवावी.