पेन्शनची कागदपत्रे घरी छापताना या चुका टाळा

माझे वडील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून सध्या उदगीरला राहतात. दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी प्रथमच स्वतःच्या हाताने दोन कागद छापले. एक म्हणजे ‘जीवन प्रमाण’चा डिजिटल दाखला आणि दुसरा म्हणजे पेन्शन मंजुरीचा जुना आदेश, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात. मार्गदर्शन करायला सुट्टीवर आलेली त्यांची नात होती. तिने ठरवून माउसला हात लावला नाही. पडद्यावर काय लिहिले आहे ते आजोबांनी मोठ्याने वाचायचे, त्याचा अर्थ तिने सांगायचा आणि मगच आजोबांनी बटण दाबायचे, असा तिचा क्रम होता. त्यामुळे कोणती चूक नेमकी कोठे होते हे आम्हा सर्वांना स्पष्ट दिसले.

पहिली चूक छपाईच्या आधीच होते, आणि ती म्हणजे चुकीचा कागद छापणे. डिजिटल हयातीचा दाखला तयार झाला की मोबाईलवर संदेश येतो आणि त्यात प्रमाण आयडी असतो. हा क्रमांक दर वर्षी नवा असतो, त्यामुळे संगणकात जपून ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या फाइलचा यंदा उपयोग नाही. वडिलांनी आधी तीच जुनी फाइल उघडली होती. नातीने त्यांना दाखल्यावरची तारीख वाचायला लावली तेव्हा ते त्यांच्या लक्षात आले. नवी प्रत jeevanpramaan.gov.in या संकेतस्थळावर प्रमाण आयडी टाकून उतरवून घेता येते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिजिटल दाखला पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे ऑनलाइनच पोहोचतो, म्हणून छापलेला कागद हा आपल्या फाइलमध्ये ठेवण्यासाठी असतो. तो छापला म्हणजे दाखला स्वीकारला गेला असे नाही. पीपीओ क्रमांक किंवा खाते क्रमांक भरताना चुकला असेल तर दाखला नाकारला जाऊ शकतो आणि मग नवा करावा लागतो. त्यामुळे छापण्यापूर्वी दाखल्यावरचे हे दोन्ही क्रमांक पीपीओ आणि पासबुकाशी अंकन्‌अंक ताडून पाहावेत.

दुसरी चूक फाइल संगणकावर आणताना होते. मोबाईलवर दाखला उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, तर चित्र दाबले जाते आणि बारीक अक्षरे छापल्यावर फुटलेली दिसतात. पडद्यावर ती ठीक वाटतात, म्हणून दोष प्रिंटरला दिला जातो. मूळ पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की हा प्रश्न येत नाही. हीच फाइल दुकानात छापायला देणाऱ्यांनी काम झाल्यावर ती दुकानदाराच्या संगणकातून आपल्या समोर पुसून घ्यावी, कारण पेन्शनच्या कागदांवर खाते क्रमांकही असतो. वडिलांनी घरी छापण्याचा हट्ट धरला तो याच कारणाने, आणि मला तो अगदी योग्य वाटतो.

आता प्रत्यक्ष छपाई. वडिलांनी पीडीएफ ॲडोबी रीडरमध्ये उघडली, छपाईची आज्ञा दिली आणि समोर आलेल्या चौकटीत सरळ `Print` दाबले. कागद आला नाही. त्याऐवजी फाइलला नाव विचारणारी खिडकी उघडली. त्यांनी नाव देऊन `Save` दाबले, तरीही प्रिंटर शांतच.

“काहीच यायना की गं. आणखी एकदा दाबू का?”

“थांबा आजोबा. सगळ्यात वर `Printer` लिहिलंय ना, त्याच्यापुढं काय आहे ते वाचा बरं.”

तेथे `Microsoft Print to PDF` असे होते. हा खरा प्रिंटर नव्हे. तो कागदाऐवजी पीडीएफ फाइल तयार करतो, आणि विंडोजवर तो आधीपासूनच असतो. छापायला दिले आणि फाइलचे नाव विचारले गेले, तर बहुधा हाच निवडलेला आहे असे समजावे. त्या ओळीवर टिचकी मारून यादीतून आपल्या प्रिंटरचे नाव निवडावे.

वडिलांनी नाव बदलले, तरीही कागद आला नाही, कारण प्रिंटर बंद होता. नात पाणी प्यायला आत गेली होती, तेवढ्यात त्यांनी पुन्हा पुन्हा `Print` दाबले. नवशिक्यांची सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. बटण दाबल्यावर काही दिसले नाही तरी आज्ञा वाया जात नाही. प्रत्येक वेळी एक नवे काम रांगेत जाऊन बसते. प्रिंटर चालू होताच ती सगळी कामे एकामागून एक बाहेर पडतात, किंवा त्यातले पहिलेच अडकले तर मागची सगळी अडून राहतात. म्हणून एकदा दाबल्यावर दुसऱ्यांदा दाबण्याआधी रांग पाहावी. घड्याळाशेजारी प्रिंटरचे छोटे चिन्ह येते, त्यावर दोनदा टिचकी मारली की रांग उघडते. नको असलेले काम निवडून `Cancel` करावे. काही विंडोजमध्ये या खिडकीच्या `Printer` यादीत `Use Printer Offline` असा पर्याय असतो. त्यापुढे खूण असेल तर ती काढावी, कारण ती असेपर्यंत प्रिंटर चालू असूनही कागद येत नाही.

कधीकधी रांगेतले काम रद्द केले तरी जात नाही आणि तेथे `Deleting` असे दिसत राहते. आमच्याकडे तसेच झाले. अशा वेळी संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. तेवढ्याने न सुटल्यास मदत करणाऱ्या जाणत्या व्यक्तीने कमांड प्रॉम्प्ट `Run as administrator` पद्धतीने उघडून पुढील तीन ओळी क्रमाने द्याव्यात. त्यांनी रांगेतली सगळीच कामे पुसली जातात, फक्त अडकलेले एक नव्हे, हे आधी माहीत असावे.

```
net stop spooler
del /Q "%systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*"
net start spooler
```

नातीने या ओळी स्वतः दिल्या आणि आजोबांना तसे सांगितलेही. हे काम त्यांनी शिकण्याची गरज नव्हती. प्रिंटरचे नाव वाचणे आणि रांग उघडून पाहणे या दोन गोष्टी मात्र तिने त्यांच्याकडून पुन्हा करून घेतल्या.

दाखला नीट छापला गेला. खरा वेळ गेला तो पीपीओवर. मराठवाड्यातील राज्य शासनाच्या निवृत्तांना हा आदेश नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडून येतो. वडिलांची प्रत जुनी असून लांब कागदावर आहे, ज्याला आपण लीगल म्हणतो. लीगल कागद साधारण २१६ मिलिमीटर रुंद आणि ३५६ मिलिमीटर लांब असतो, तर घरच्या प्रिंटरमध्ये आपण घालतो तो ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. लांबीत जवळजवळ सहा सेंटिमीटरचा फरक आहे. नातीने मोबाईलच्या स्कॅन ॲपमध्ये पानाचा आकार लीगल ठेवून आदेशाची पीडीएफ केली होती, ते बरोबरच होते. पण छापताना चौकटीत `Actual size` निवडलेले राहिले. त्यामुळे पान मूळ मापातच छापले गेले आणि वरचे-खालचे सुमारे तीन-तीन सेंटिमीटर कापले गेले. वर पीपीओ क्रमांक होता आणि खाली सही-शिक्का. मधला मजकूर सुबक दिसत होता, म्हणून वडील तो कागद फाइलला लावायला निघाले होते.

ही चूक कागद बाहेर येण्याआधीच ओळखता येते. ॲडोबी रीडरच्या छपाईच्या चौकटीत उजवीकडे पानाचे छोटे चित्र असते आणि त्याच्यावर `Document` या शब्दापुढे मूळ पानाचे माप इंचांत लिहिलेले असते. तेथे `8.5 x 14.0in` दिसले तर पान लीगल आहे. `8.3 x 11.7in` दिसले तर ते ए-४ आहे. पान लीगल आणि कागद ए-४ असेल, तर `Fit` निवडावे. मग संपूर्ण पान लहान होऊन कागदावर मावते. `Scale` पुढे त्या वेळी साधारण ८० ते ८३ टक्के असा आकडा दिसतो आणि तो योग्यच असतो. अक्षरे किंचित बारीक होतात, पण सही-शिक्का जात नाही. वडिलांनी दोन्ही पर्याय आलटून पालटून निवडले आणि चित्रातला शिक्का नाहीसा होताना व परत येताना पाहिला. माझ्या मते त्या दिवशी नातीने शिकवलेल्यांपैकी हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. कागदाचा आकार कोणी तोंडी समजावून सांगितला तर डोक्यात राहत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेला फरक राहतो.

याच चौकटीतल्या `Page Setup` मध्ये कागद `A4` आहे की `Letter` हेही पाहून घ्यावे. लेटर हा अमेरिकेत चालणारा आकार ए-४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड असतो. तो निवडलेला असेल तर काही प्रिंटर कागद जुळत नाही असा संदेश देऊन थांबतात, आणि काही तसेच छापून खाली रिकामी पट्टी सोडतात.

पीपीओच्या पुढच्या प्रतीवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. शाई कमी आहे असे समजून वडील टाकीत शाई ओतायला निघाले, पण टाकी अर्धी भरलेली होती. शाईच्या टाकीचा प्रिंटर बरेच दिवस न वापरता पडून राहिला की शाई जेथून फवारते ती बारीक छिद्रे सुकतात, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर ती लवकर सुकतात. अशा वेळी प्रिंटरच्या `Maintenance` भागातून आधी `Nozzle Check` छापावा. त्यातल्या रेघा तुटक असतील तरच `Head Cleaning` एकदा करावे आणि पुन्हा तपासणी छापावी. दोन-तीन वेळा करूनही रेघा तुटकच राहिल्या तर लगेच पुढे करत राहू नये. प्रिंटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा तपासावे. प्रत्येक साफसफाईत शाई खर्च होते आणि ती प्रिंटरमधल्या शोषक गादीत जाते.

प्रिंटर बंद करण्याची पद्धतही याच छिद्रांशी जोडलेली आहे. काम संपल्यावर भिंतीवरचे बटण थेट बंद केले तर शाईचे डोके आपल्या झाकणाखाली परत जात नाही, उघडे राहते आणि सुकते. आधी प्रिंटरवरचे बटण दाबावे, दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मग भिंतीवरचे बटण बंद करावे. छापताना मध्येच वीज गेली तर भिंतीवरचे बटण लगेच बंद करावे. वीज आल्यावर प्रिंटर चालू करावा आणि नवीन आज्ञा देण्याआधी रांग उघडून पाहावी, कारण अर्धवट राहिलेले काम तेथे तसेच असते आणि बहुधा पहिल्या ओळीपासून पुन्हा छापले जाते.