क्रोशाच्या ओळी कमी-जास्त रुंद का होतात? या चुका टाळा

तुकडा वर जाता जाता पसरत चालला की आधी टाके मोजा. खालच्या ओळीत २० खांब आणि वरच्या ओळीत २१ असतील, तर तो हाताच्या ताणाचा दोष नाही, कडेला टाका वाढलाय. दोन्हीकडे २० भरले आणि तरी रुंदी १३ सेंमीवरून १४ सेंमी झाली असेल, तर मात्र हात सैल पडलाय. प्रत्येक खांबामागे फक्त अर्धा मिलिमीटर वाढला की तेवढा फरक पडतो. नुसत्या डोळ्यांना तो टाका-टाक्यात दिसत नाही, म्हणून दर चार ओळींनी पट्टी लावावी.

सगळ्यात जास्त घोळ डाव्या हाताच्या चिमटीत होतो. (डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.) अंगठा आणि मधलं बोट सुईवरच्या फासाच्या अगदी खाली हवं. आपण विणत पुढे जातो आणि चिमटी मात्र मागेच राहते. मग विणलेला भाग सुईबरोबर ओढला जातो, फास ताणून मोठे होतात. पुन्हा चिमटी पुढे घेतली की टाके एकदम घट्ट येतात. एकाच ओळीत सैल-घट्ट असे पट्टे दिसले तर कारण बहुधा हेच. दर तीन-चार टाक्यांनी चिमटी सरकवायची सवय लावा.

लोकर करंगळीला एक वेढा देऊन, मधल्या दोन बोटांखालून काढून तर्जनीवर घ्या. गुळगुळीत दोरा निसटत असेल तर करंगळीला दोन वेढे द्या. खरखरीत लोकर अडकत असेल तर वेढा न देता नुसती बोटांमधून ओवा. कशीही धरा, पण एका कामात धरण्याची पद्धत बदलू नका. गुंड्यातून हातभर लोकर आधीच सोडवून ठेवा. लोकर संपत आली आणि गुंडा ओढावा लागला की तेवढेच टाके आवळले जातात.

सुई पेन्सिलसारखी धरा नाहीतर सुरीसारखी, दोन्ही चालतं. फास कुठे बसतो हे महत्त्वाचं. आकड्यामागची मान अरुंद असेल तर तिथेच टाका पूर्ण करू नका, फास जाड दांडीवर येऊ द्या. सुईचा ४ मिमी हा आकडा दांडीच्या जाडीचा असतो. मानेवर बसलेला टाका त्याहून लहान होतो. खांबाची उंची मात्र टाक्यातून ओढलेल्या पहिल्या फासावर ठरते. तो दर वेळी सारखाच वर ओढा, नाहीतर ओळीची वरची कड लाटांसारखी दिसते.

सुई बदलून हा दोष जात नाही. सगळाच तुकडा सारखा घट्ट असेल तर अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्यावी. ओळीगणिक बदलणारा ताण मोठ्या सुईवरही बदलतच राहतो.

काम ओळीच्या मध्येच थांबवू नका, ओळ संपवून मगच ठेवा. पुन्हा घेताना दुसऱ्या लोकरीवर दहा-पंधरा खांब घालून हात बसवा, मग मूळ तुकड्याला लागा. रुंदी बिघडलेली दिसली तर शेवटची ओळ उसवून भागत नाही. पट्टी जिथे बरोबर लागते, त्या ओळीपर्यंत उसवा.