काजू कारखान्याची गुणवत्ता पुस्तिका: वजनकाट्याचं पान नीट लिहा

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या छोट्या काजू कारखान्यात गुणवत्तेचं काम नव्याने हाती आलं, की पहिली फाइल मिळते ती कुठून तरी उतरवलेल्या पुस्तिकेची. ISO 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत पुस्तिका सक्तीची नाही. तरी ती लिहा, पण आपल्या कारखान्याची. बी उकडणं, कटिंग, ड्रायर, सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग हा क्रम एका पानात मावतो. खरी मेहनत घ्यायची ती ग्रेडिंगवर, कारण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ग्रेडचे.

W320 म्हणजे एका पौंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अख्खे गर. "ग्रेडिंग काळजीपूर्वक करावे" या वाक्याने ऑडिटरचंही समाधान होत नाही आणि टेबलावरच्या ताईंनाही काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: प्रत्येक लॉटमधून 454 ग्रॅम नमुना घ्यावा, गर मोजावेत, आकडा रजिस्टरमध्ये लिहावा, जबाबदारी ग्रेडिंग सुपरवायझरची. व्यक्तीचं नाव नको, पदाचं लिहा. माणूस बदलला तरी पान तेच राहतं.

आता काटा. कलम 7.1.5.2 विचारतं की मोजमापाचं साधन चुकीचं निघालं तर आधीच्या निकालांचं काय? म्हणून रोज सकाळी 500 ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा आणि दिसलेला आकडा लिहायचा. वैधमापन खात्याचा शिक्का कायद्यासाठी हवाच, पण काटा काल बिघडला का, हे तो सांगत नाही.

समजा, बुधवारी 500 च्या जागी 510 दिसले. काटा त्याच प्रमाणात जास्त दाखवत असेल, तर 454 दिसताना खरं वजन साधारण 445 होतं. त्या नमुन्यात 316 गर मोजले असतील, तर खऱ्या 454 ग्रॅमला ते 322 होतात. लॉट W320 मध्ये बसत नाही. 305 चा लॉट मात्र 311 वर जातो, म्हणजे ठीक. हिशेब केला तर सीमा 313 वर येते. मंगळवार सकाळची तपासणी बरोबर होती, म्हणजे संशय त्यानंतरच्या लॉटवर, आणि त्यातही 314 व त्यापुढच्यांवरच. तेवढेच टिन दुसऱ्या, तपासलेल्या काट्यावर पुन्हा मोजायचे.

रजिस्टरमध्ये आकड्याऐवजी नुसतं "ओके" असेल, तर ही निवड करताच येत नाही. मंगळवारपासूनचा सगळा माल उघडावा लागतो. पावसाळ्यात हे फार महागात पडतं, कारण सील फोडलेला गर दमट हवेत लगेच ओल धरतो आणि ओलाव्याची 5 टक्क्यांची मर्यादा ओलांडतो.

पानाच्या शेवटी एक ओळ हवी: संशयित लॉटवर लाल लेबल कोण लावणार, आणि गाडी थांबवायचा अधिकार कुणाचा. तो सुपरवायझरला द्या. मालक मुंबईला असताना गाडी भरत असते, आणि फोन लागेपर्यंत ती हायवेला लागलेली असते. तसं झालंच, तर लॉट नंबर घेऊन गिऱ्हाइकाला कळवायचं काम कुणाचं, तेही त्याच ओळीखाली लिहा.